मानधन नाही, जेवण आहे

पहिला मेल मी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाठवला होता. तो अजून सेंट आयटममध्ये आहे आणि अधूनमधून उघडून मी स्वतःला शिक्षा करून घेतो. सहाशे दहा शब्द. त्यातल्या पहिल्या दोन परिच्छेदांत मी लहानपणापासून सिनेमा कसा बघत आलो ते आहे, तिसऱ्यात माझी गोष्ट ‘युनिव्हर्सल’ कशी आहे ते आहे, आणि पाचव्या परिच्छेदाच्या शेवटी, कोणाला दिसू नये अशा बेताने, ‘बजेट जरा लिमिटेड आहे पण तुम्हाला छान एक्सपोजर मिळेल’ असं एक वाक्य आहे. सगळा मेल इंग्रजीत. अकरा छायालेखकांना तोच, फक्त वरचं नाव बदलून.

मला छायालेखक का शोधावा लागला, ते आधी सांगतो. एफटीआयआयसारख्या ठिकाणी दिग्दर्शनाच्या विद्यार्थ्याची डिप्लोमा फिल्म छायाचित्रण शिकणारा विद्यार्थीच शूट करतो, कारण ती दोघांचीही परीक्षा असते. मी पुण्यातच दुसरीकडे शिकत होतो. तिथे दिग्दर्शन होतं, संकलन होतं, छायाचित्रणाचा वेगळा विभागच नव्हता. वर्गात ज्याच्याकडे स्वतःचा कॅमेरा होता तो मित्र आधीच दोघांच्या फिल्म करून थकला होता आणि त्याने मला हात जोडले. फिल्म ३१ मार्चला जमा करायची होती.

फिल्म चौदा मिनिटांची. भोरजवळच्या एका गावात माझ्या मामाची पिठाची गिरणी आहे, तिथली गोष्ट. गिरणी विकली गेलीय, उद्या मोटर निघणार आहे. आज शेवटचं दळण. सगळे आपापले डबे घेऊन जातात, एक डबा कोणी न्यायला येत नाही, आणि म्हातारा गिरणीवाला तो डबा घेऊन बसून राहतो. बस, एवढंच. संवाद जेमतेम पानभर. म्हणजे फिल्म उभी राहिली असती तर ती उजेडावर, आणि उजेड हा माझा प्रांत नव्हता.

अकरा मेलांना चार उत्तरं आली. दोघांनी शुभेच्छा दिल्या. एकाने आपला दिवसाचा दर कळवला आणि तो माझ्या अख्ख्या फिल्मच्या खर्चाच्या जवळपास होता. चौथ्याने दोनच ओळी लिहिल्या: ‘कॉलेजला फी भरलीस ना? मग ते फुकट शिकवत नाहीत आणि मी फुकट शूट करायचं, असं का?’

दोन दिवस मी त्यावर चिडून होतो. मग माझी संकलन करणारी मैत्रीण म्हणाली की चौघांपैकी तुझा मेल पूर्ण वाचलेला हा एकटाच आहे. खरं होतं ते. बाकीच्यांना पैसे नाहीत हे बहुधा कळलंही नव्हतं. आणखी एक गोष्ट तिनेच शोधली: मी दिलेली ड्राइव्हची लिंक उघडतच नव्हती. मी माझ्या लॅपटॉपवर तपासली होती, तिथे मी लॉगिन असल्यामुळे ती उघडायची. दुसऱ्याला ‘Request access’ दिसत होतं. अकरापैकी एकानेही परवानगी मागितली नव्हती. कोण मागेल? त्या लिंकमध्ये फिल्म कशी दिसेल ते दाखवणारं अठ्ठेचाळीस पानांचं लूकबुक होतं आणि त्यातली सगळी चित्रं दुसऱ्यांच्या सिनेमांतली. नंतर जिने ही फिल्म शूट केली ती मला म्हणाली, ‘हे सगळे दुसऱ्यांचे उजेड आहेत. तुझ्या गिरणीत दुपारी बारा वाजता काय दिसतं, ते कुठंय?’ पण ते पुढचं.

दुसऱ्या फेरीत मी आधी माणसं बदलली. पहिल्या यादीत मला माहीत असलेली नावं होती, म्हणजे सगळ्यांनाच माहीत असलेली. अशा माणसांना फुकट काम करायला कारण नसतं आणि वेळ तर त्याहून नसतो. मग मी सिनेमांच्या शेवटच्या श्रेयनामावल्या थांबवून थांबवून वाचायला लागलो. असोसिएट डीओपी, ऑपरेटिव्ह कॅमेरामन, सेकंड युनिट. ही माणसं रोज मोठ्या सेटवर कॅमेरा चालवतात, पण फ्रेम दुसऱ्याची असते. पोटापाण्यासाठी जाहिराती आणि मालिका करतात, आणि कामाचे नमुने दाखवणाऱ्या त्यांच्या शोरीलमध्ये बिस्किटं, स्कूटर आणि सासूबाईंचे क्लोजअप असतात. गोष्टीचं, स्वतःच्या निर्णयाचं काम कमी असतं. त्यांना आपण काहीतरी देऊ शकतो, आणि ते ‘एक्सपोजर’ नव्हे.

अशी सात नावं निघाली. सातांचंही काम बघितलं आणि तिघांनाच लिहायचं ठरवलं. जिने शेवटी ही फिल्म केली ती एक बाई होती: मूळची कोल्हापूरकडची, मुंबईत एका मालिकेवर कॅमेरा चालवणारी, नावावर एक शॉर्टफिल्म. ती फिल्म मी चारदा बघितली. इन्स्टाग्रामवर त्या मराठीत लिहायच्या, म्हणून मीही मेल मराठीत लिहिला. इंग्रजी गेलं तसं माझ्या भाषेतलं पॉलिशही गेलं, आणि जे उरलं ते असं:

विषय: १२ ते १४ फेब्रुवारी, भोर, पिठाच्या गिरणीतलं शूट (विद्यार्थी फिल्म, मानधन नाही)

‘नमस्कार मॅडम,

मी पुण्यात फिल्मच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझी १४ मिनिटांची थीसिस फिल्म तुम्ही शूट करावी अशी विनंती करायला लिहितोय. मानधन देता येणार नाही, हे आधीच सांगतो.

तुमच्या शॉर्टफिल्ममध्ये आजी चुलीपुढून उठते आणि धूर दाराच्या उजेडात शिरतो, तिथे तुम्ही तिचा चेहरा अंधारातच ठेवलाय. माझ्या फिल्ममध्ये गिरणीवाला खिडकीतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात पीठ चाळतो. त्याचा चेहरा दिसावा की पीठ दिसावं, हे मला ठरवता येत नाहीये.

गोष्ट: गिरणीचा शेवटचा दिवस. एक डबा कोणी न्यायला येत नाही. पटकथा ९ पानं, लिंक खाली आहे. जागेचे ६ फोटोही आहेत, मोबाइलवरचे, काही न सुधारलेले.

शूट ३ दिवस, दिवसाला १० तास. त्यातले दोन दिवस गिरणीत. कॅमेरा एफएक्स ६ आणि लेन्स भाड्याने घेतोय, तुम्हाला दुसरं काही हवं असेल तर त्याच पैशांत बघू. अटेंडंट, एक फोकस पुलर आणि दोन लाइटमन यांना रोजचे पैसे देणार आहे. तुमचा मुंबई–भोर प्रवास, राहणं (मामाचं घर, वेगळी खोली) आणि जेवण माझ्याकडे. डीआयला, शेवटी रंग जुळवताना, तुम्ही बसावं अशी इच्छा आहे.

जमणार नसेल तर नुसतं “नाही” लिहिलंत तरी चालेल. ५ जानेवारीपर्यंत तुमच्या उत्तराची वाट बघेन, मग दुसऱ्या कोणाला विचारेन.’

खाली नाव, फोन नंबर, आणि दोन लिंका. या वेळी लिंका मैत्रिणीच्या फोनवर, लॉगआउट करून तपासल्या.

‘मानधन नाही’ हे विषयाच्या ओळीत घालायला मी दोन दिवस घेतले. वाटत होतं, मेल उघडणारच नाहीत. मैत्रीण म्हणाली, उघडून मग चिडण्यापेक्षा न उघडलेलं बरं. शेवटची तारीख लिहिताना जास्त भीती वाटली. फुकट बोलावतोय आणि वर मुदत देतोय? पण काम करणाऱ्या माणसाला तारखेचाच उपयोग असतो. ‘तुमच्या सवडीने कळवा’ असं लिहिलं की ते कधीच कळवत नाहीत, त्यात त्यांचा दोष नाही.

२० डिसेंबरला मेल गेला. सहा दिवस काही नाही. सव्वीस तारखेला त्याच मेलखाली दोन ओळी टाकल्या: ‘मॅडम, वरचा मेल वर यावा म्हणून लिहितोय. तारखा त्याच आहेत.’ अठ्ठावीसला रात्री अकरा चाळीसला उत्तर आलं. नमस्कार नाही, हो नाही, नाही नाही. एकच प्रश्न:

‘खिडकी कोणत्या दिशेला?’

मी तेव्हा हॉस्टेलच्या गच्चीत होतो आणि मला उत्तर माहीत नव्हतं. मामाच्या गिरणीत माझं अर्धं बालपण गेलंय, पण खिडकीची दिशा? मामाला फोन केला. तो झोपेत म्हणाला, ‘मारुतीच्या देवळाकडं.’ मारुती दक्षिणमुखी, देऊळ गिरणीच्या खालच्या अंगाला… असं करत दक्षिण निघाली. मी ‘दक्षिण’ लिहून पाठवलं. उत्तर आलं: ‘एका जागी फोन ठेवून सकाळी ९ ते संध्याकाळी ५, दर तासाला एक मिनिटाचा व्हिडिओ. एक्स्पोजर लॉक कर. जमिनीवर पट्टा कुठे येतो तिथे खडूने खूण कर आणि वेळ लिही. मीटरच्या बोर्डाचाही फोटो.’

३० डिसेंबरला मी सकाळच्या एसटीने भोरला गेलो आणि दिवसभर पिठात बसलो. साडेबाराच्या सुमाराला खिडकीतून आलेलं ऊन सगळ्यात ठसठशीत होतं आणि त्याची पुढची कड भिंतीपासून बरोबर सात फुटांवर, म्हाताऱ्याच्या चाळणीच्या जागेवर पडत होती. मी खूश. तिथे मोठी फुली मारली, फोटो काढले, पाठवले.

दुसऱ्या दिवशी फोन आला. आवाज शांत, मागे कुठल्या तरी सेटवरचा गोंगाट. ‘ही फुली आजची आहे. शूट फेब्रुवारीत आहे ना?’

मग त्यांनी मला जे समजावलं ते मी भूगोलात शिकलो होतो आणि विसरलो होतो. डिसेंबरअखेर आपल्याकडे भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर असतो. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तो ५८ अंशांवर चढतो. सूर्य चढला की खिडकीतून येणारं ऊन जास्त उभं पडतं आणि आत कमी पोचतं. माझ्या खिडकीची वरची कड जमिनीपासून आठ फुटांवर. डिसेंबरात पट्टा सात फुटांपर्यंत येत होता, फेब्रुवारीत तो पाच फुटांवरच संपणार. मी फुलीवर नट बसवला असता आणि १२ फेब्रुवारीला त्याच्या पायापुढे दोन फुटांवर उजेड पडला असता, तो अंधारात. फोनमध्ये सूर्याचा मार्ग दाखवणारी ॲप असतात, तीसुद्धा मी बघितली नव्हती. ‘चाळणी दोन फूट भिंतीकडे घे,’ त्या म्हणाल्या. ‘आणि वेळही पंधरा मिनिटं पुढे धर, पावणेएकला.’

हे सगळं बोलून झाल्यावर मला उशिरा लक्षात आलं की त्यांनी अजून होकार दिलेलाच नाही. मी विचारलं. त्या म्हणाल्या, ‘थांब. साउंडवाल्याला किती देतोयस?’

हा प्रश्न मला येईल असं वाटलं नव्हतं. ध्वनिमुद्रकाला मी तीन दिवसांचे सहा हजार कबूल केले होते, कारण तो स्वतःचे माइक आणि रेकॉर्डर आणणार होता. मी ते मेलमध्ये लिहिलं नव्हतं. लपवायचं म्हणून नाही, पण सांगावंसंही वाटलं नव्हतं, म्हणजे एका अर्थी लपवलंच. खरं ते सांगितलं. पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही.

‘सेटवर कळलं असतं तर मी त्याच संध्याकाळी निघाले असते,’ त्या म्हणाल्या. ‘लाइटमन, अटेंडंट, स्पॉट यांना पैसे द्यायचेच, त्यांचं घर रोजावर चालतं. पण कॅमेरा, साउंड अशा विभागप्रमुखांत एकाला आणि दुसऱ्याला नाही, असं असेल तर आधी सांगायचं. सामानाचे म्हणून देतोयस तर सामानाचे म्हणून लिही. आणि लिहूनच पाठव, फोनवरचं राहू दे.’

मी विचारलं, ‘म्हणजे तुम्ही करताय?’

‘पाठव तर खरं.’

त्या रात्री लिहिलेला मेल खरं तर पहिल्या मेलपेक्षा महत्त्वाचा होता. त्यात कोणाला काय मिळतंय ते सगळं होतं, ध्वनीचे सहा हजार ‘माइक व रेकॉर्डरचं भाडं’ म्हणून. दहा तासांच्या वर काम गेलं तर दुसऱ्या दिवशीचा कॉलटाइम तेवढा पुढे जाईल. श्रेयनामावलीत छायाचित्रणाचं नाव एकटं, वेगळ्या पाटीवर. यावर त्यांनी दोन गोष्टी वाढवल्या. पहिली, पैशांचं काम आलं तर पाच दिवस आधीपर्यंत त्या तारीख सोडू शकतात, पण बदली माणूस त्यांनी द्यायचा. पाच दिवसांच्या आत काहीही आलं तरी त्या थांबणार. दुसरी, डीआय झालेल्या फिल्ममधला चाळीस सेकंदांपर्यंतचा भाग शोरीलमध्ये वापरायची लेखी परवानगी, फिल्म महोत्सवांत फिरत असली तरी.

दुसऱ्या अटीला मी लगेच हो म्हटलं आणि तिथे फसलो. परवानगी देणारा मी नव्हतोच. प्रवेश घेताना भरलेल्या कागदांत एक ओळ असते, ती कोणीच वाचत नाही: विद्यार्थ्याने केलेल्या फिल्मचे हक्क संस्थेचे. म्हणजे मी ज्या एकमेव गोष्टीच्या जोरावर त्यांना बोलावत होतो, ती द्यायचा अधिकार मला नव्हता. विभागात अर्ज केला. सर म्हणाले असं पत्र आजवर कोणी मागितलं नाही, नमुना नाही. नमुना मी लिहून दिला. सही, शिक्का, आवक-जावक क्रमांक, सगळं होऊन पत्र नवव्या दिवशी हातात आलं. ते स्कॅन करून पाठवलं तेव्हा त्यांचं एका शब्दाचं उत्तर आलं: ‘येते.’ तारीख १७ जानेवारी. मी मेलात लिहिलेली ५ जानेवारीची मुदत कधीच उलटून गेली होती आणि आम्हा दोघांनाही त्याची आठवण नव्हती.

रेकीला, म्हणजे जागा बघायला, त्या जानेवारीअखेर एक दिवस आल्या. भोरला येताना राजवाड्यापाशी कुठल्या तरी मालिकेच्या व्हॅनिटी उभ्या होत्या. त्या गावाला शूटिंगचं काही वाटत नाही, चहावाला आधी विचारतो, ‘हिंदी का मराठी?’ गिरणीत शिरल्यावर पहिली पाच मिनिटं त्या काही बोलल्या नाहीत. मग बोटाने खिडकीच्या चौकटीवरचं पीठ उचललं, चोळून बघितलं आणि मामाला विचारलं, ‘दादा, इथे कधी आग लागलीय?’

मामा म्हणाला नाही, पण विडी पीत नाही आम्ही आत.

मी पीठ उडतंय, उन्हात तरंगतंय, एवढंच बघितलं होतं. पीठ हवेत दाट झालं आणि ठिणगी मिळाली तर ते भडकतं, बंद खोलीत तर स्फोटासारखं. त्यामुळे त्यांनी तिथेच नियम सांगितले आणि ते मला लिहून घ्यायला लावले. तापणारे जुने टंग्स्टन दिवे आत नकोत, फक्त एलईडी, तेही दाराबाहेरून. धुरासाठी धूप-कापूर काही नाही. पीठ उडवताना मोटर बंद, दार उघडं, आणि एका टेकला चाळणीत मूठभर पीठ, जास्त नाही. सगळ्यांना मास्क. त्याच नियमांत कॅमेऱ्याचंही होतं. एफएक्स ६ ला आत पंखा असतो, तो हवेबरोबर पीठ ओढतो; भोकं चिकटपट्टीने बंद केली तर कॅमेरा तापतो. म्हणून दोन टेकच्या मधे कॅमेऱ्यावर कापड, आणि लेन्स गिरणीत बदलायची नाही, बाहेर गाडीत, काचा वर करून. सेन्सरवर पीठ बसलं तर ते छोट्या स्क्रीनवर कळत नाही. घरी गेल्यावर पांढऱ्या भिंतीच्या प्रत्येक शॉटमध्ये त्याच जागी काळपट ठिपका दिसतो, तेव्हा कळतं. रोज संध्याकाळी त्या ॲपर्चर बारीक करून मामाच्या घराच्या पांढऱ्या भिंतीचा दहा सेकंदांचा शॉट घ्यायच्या आणि मोठा करून बघायच्या. दोन दिवस भिंत कोरी निघाली.

चेहरा की पीठ, त्याचं उत्तर त्यांनी रेकीला दिलं नाही. म्हणाल्या, नट बसल्यावर बघू.

६ फेब्रुवारीला फोन आला. एका जाहिरातीचं काम, १४ तारखेला, त्यांच्या नावावर. शूटला सहा दिवस होते, म्हणजे लिहिलेल्या अटीनुसार त्या एका दिवसाने सुटत होत्या. त्यांनी ते गणित मांडलं नाही, नुसतं विचारलं. मला वाईट वाटलं आणि मी गप्प बसलो, ते त्यांनाही कळलं असणार. मग आम्ही वेळापत्रक फिरवलं: गिरणीचे दोन्ही दिवस आधी, आणि तिसऱ्या दिवसाचं एसटी स्टँड आणि रस्ता त्यांचा असिस्टंट करेल. तो पोरगा चांगला निघाला. त्याच्या शॉटमध्ये आणि त्यांच्या शॉटमध्ये फरक दिसतो, पण सांगितल्याशिवाय कोणाला दिसला नाही.

१२ तारखेला पावणेएकला ऊन पाच फुटांवर आलं. माझी डिसेंबरची फुली दोन फूट मागे, अंधारात, कोणीतरी अर्धवट पुसलेली. नट बसला, मूठभर पीठ चाळलं, आणि पट्टा एकदम उभा राहिला, जणू कोणी पांढरं धोतर वाळत टाकलंय. त्यांनी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघत मला विचारलं, ‘बोल, चेहरा का पीठ?’ मी म्हटलं चेहरा. त्यांनी चेहऱ्यासाठी एक टेक घेतला, मग मला न विचारता एक पिठासाठी घेतला, ज्यात म्हाताऱ्याचे फक्त हात आहेत. फिल्ममध्ये दुसरा आहे.

दुपारनंतर खिडकीतला पट्टा सरकून कोपऱ्यात गेला आणि क्लोजअप राहिले होते. लाइटमन एलईडी लावून थकला. दाराबाहेरच्या उन्हापुढे तो दिवा म्हणजे देवळातली समई. त्यांनी मामीला विचारलं, घरात मोठा आरसा आहे का? मामीच्या लग्नातल्या कपाटाच्या दाराचा आरसा होता, माणसाच्या उंचीचा. तो मामाने पान्याने सोडवला, पूर्वेच्या अंगणात टेम्पोच्या हौद्यात गादीवर उभा केला आणि पश्चिमेकडे कललेलं ऊन आरशावरून दारातून आत, थेट म्हाताऱ्याच्या गालावर. फुकट, आणि विजेच्या बोर्डावर भार शून्य. एकच भानगड: सूर्य थांबत नाही. तीस फुटांवर तो कवडसा पाच मिनिटांत जवळजवळ वीतभर सरकायचा, म्हणून प्रत्येक टेकआधी लाइटमन आतून ओरडायचा ‘डावीकडं, डावीकडं… बास!’ आणि मामा टेम्पोत आरसा रेटायचा. सात टेक. सातव्यानंतर टेम्पोवाल्याने, शूट संपलं असं समजून, हँडब्रेक सोडला.

डीआयला त्या मार्चमध्ये एक संध्याकाळ आल्या, चार तास बसल्या, आणि मी भडक केलेलं सगळं खाली आणलं. फिल्म २९ ला जमा झाली. त्यांना मी प्रवासाचे पैसे पाठवले, तेव्हा त्यांनी टोलच्या पावत्यांसकट हिशोब लावून बावीस रुपये परत केले. चाळीस सेकंदांपैकी एकतीस सेकंद त्यांच्या शोरीलमध्ये आहेत, एका स्कूटरनंतर लगेच, आणि त्यात हातांचाच टेक आहे.

कपाटाला अजून आरसा बसलेला नाही. परवा मामीचा फोन आला होता, मापं घेऊन ठेवलीत म्हणाली, पाच फूट बाय सव्वा.